१०० पर्यंत मूळ संख्या ३३? आठाचा फरक कुठून आला?

वहीखातं

नमस्कार मंडळी. पेशाने मी हिशेबनीस. इचलकरंजीत तीन-चार दुकानांची खाती लिहिते आणि रात्री जेवणं उरकली की पायथॉन शिकते. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम लिहिला. आधी २ पासून n च्या अलीकडच्या संख्येपर्यंत सगळ्यांनी भागून बघत होते. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आल्या, शाळेतल्या तक्त्याशी जुळल्या. मग एक लाखापर्यंत लावला तर लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला.

एवढं भागत बसायची गरज नाही, वर्गमूळापर्यंत तपासलं तरी पुरतं असं वाचलं होतं. म्हणून एकच ओळ बदलली:

```python
import math

def mul(n):
    for i in range(2, int(math.sqrt(n))):
        if n % i == 0:
            return False
    return True

print(sum(mul(n) for n in range(2, 101)))
```

आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर येतं, पण ते ३३ येतं. आठ जास्तीच्या. आमच्यात फरकाला ९ ने भाग गेला की कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत असं धरतात, पण ८ वर काही उपाय ठाऊक नाही. वर्गमूळाचा नियमच चुकीचा आहे का?

पेणचा_अप्पा

वर्गमूळ काढायला संगणक कशाला लागतो? उजवीकडून दोन-दोन आकड्यांचे गट पाडायचे. डावीकडच्या पहिल्या गटात मावेल असा सर्वांत मोठा वर्ग वजा करायचा, पुढचा गट खाली घ्यायचा, वरच्या उत्तराची दुप्पट करून... आम्हाला सातवीत छडीच्या धाकाने शिकवलं होतं, आजही हात थरथरला तरी वर्गमूळ चुकत नाही. ताईंना हवं असेल तर पूर्ण पद्धत टंकतो.

बग_बहाद्दर

अप्पा, प्रश्न वर्गमूळ कसं काढायचं हा नाहीये :)

वहीखातं, नियम बरोबर आहे. तुमचा `int` दशांश कापून टाकतो तिथे घोळ आहे. १५ चं वर्गमूळ ३.८७, `int` ने त्याचा ३ केला. कापण्याऐवजी वर ढकला, म्हणजे `math.ceil(math.sqrt(n))` लिहा. काम झालं.

वहीखातं

करून बघितलं. ३३ चे २९ झाले. सुधारणा आहे, पण अजून चार जास्त. आधीच्या आठ चुकीच्या संख्या छापून घेतल्या होत्या: ४, ६, ८, ९, १५, २५, ३५, ४९. आता त्यातल्या ४, ९, २५, ४९ उरल्यात. हे सगळे वर्ग आहेत एवढं मलाही दिसतंय.

बग_बहाद्दर

अरेच्चा. मग शेवटी +१ करा. `int(math.sqrt(n)) + 1`. का ते नंतर बघू.

तिर्यक

नंतर कशाला, आत्ताच बघू. या धाग्यातली खरी मजा त्या आठ संख्यांत आहे, आणि +१ करून पळालं तर ती हातची जाईल.

`range(2, k)` म्हणजे २ पासून k च्या *अलीकडे*पर्यंत. k स्वतः त्यात येत नाही. वहीखातंच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हे बरोबर होतं, कारण n ला n ने भागून बघायचंच नव्हतं. तीच सवय वर्गमूळाच्या ओळीत आली आणि तिथे शेवटची संख्या हवी असताना गळाली. म्हणजे चूक दोन टप्प्यांची: `int` ने दशांश कापला आणि `range` ने त्यानंतर आणखी एक पायरी कापली. १५ च्या बाबतीत ३.८७ चा ३ झाला, `range(2, 3)` मध्ये एकटा २ उरला, आणि ज्याने भाग गेला असता तो ३ दारातच राहिला.

दशांश कापल्याने एकट्याने काही बिघडत नाही, कारण ३.८७ च्या आतल्या पूर्ण संख्या ३ वरच संपतात. पण बग_बहाद्दरने वर ढकलल्यावर ४ आला, `range` ने तो गाळला आणि ३ वाचला. म्हणून १५ सुधारला. ९ चं वर्गमूळ मुळातच ३ आहे, ते वर कुठे ढकलणार? तिथे ३ पुन्हा गळाला. म्हणून नेमके वर्ग उरले.

वहीखातं

हे कळलं. पण ४, ९, २५, ४९ मध्ये १६ आणि ३६ का नाहीत? तेही वर्गच की.

तिर्यक

१६ ला २ नेच भाग जातो, पार ४ पर्यंत जावंच लागत नाही. शेवटची पायरी गाळली तर नुकसान कुणाचं? ज्याचा सर्वांत छोटा अवयव नेमका त्या शेवटच्या पायरीवर बसलाय, त्याचं. वर्गांत असे फक्त मूळ संख्यांचे वर्ग. १२१ फसेल, १४४ फसणार नाही.

आता `ceil` च्या आधीच्या, आठ चुकांच्या प्रोग्रॅमकडे या. तिथे वर्गमूळ कापून आलेली संख्या p गळते. p च्या वर्गापासून पुढच्या पूर्ण वर्गाच्या अलीकडेपर्यंत p च्या पटीतल्या तीनच संख्या मावतात: p × p, p × (p+१) आणि p × (p+२). फसायचं असेल तर यांतलीच एखादी. मधली संख्या घ्या. p विषम असेल तर p+१ सम, म्हणजे २ नेच पकडली जाते. p+२ ही संयुक्त असेल तर तिचा छोटा अवयव आधीच भेटतो; ७ × ९ = ६३ ला ३ पकडतो. पण p आणि p+२ दोन्ही मूळ असतील तर मधे पकडणारं कुणीच नाही. ३ × ५, ५ × ७. बघा तुमच्या यादीत: १५ आणि ३५.

शाळेत जोडमूळ संख्या शिकवतात ना, दोनचा फरक असलेल्या? त्यांचे गुणाकार. यापुढचे बळी १४३, ३२३, ८९९. उरले ६ आणि ८, म्हणजे २ × ३ आणि २ × ४. ते फसतात कारण २ हीच गळते आणि तिच्या आधी तपासायला काहीच नाही.

बग_बहाद्दर

थांबा, मला पटत नाहीये. मग मोठ्या आकड्यांवर चुका वाढत जायला हव्यात. १०० पर्यंत आठ, तर १०,००० पर्यंत आठशे?

तिर्यक

तितक्या नाही. मोजू या. मूळ संख्यांचे १०,००० पर्यंतचे वर्ग म्हणजे १०० पर्यंतच्या मूळ संख्यांचे, ते २५. जोडमूळच्या जोड्या १०० च्या आत ८, शेवटची ७१ आणि ७३. वर ६ आणि ८ हे दोन. एकूण ३५. १०,००० पर्यंत खऱ्या मूळ संख्या १,२२९ आहेत, म्हणजे वहीखातंचा तो आठ चुकांचा प्रोग्रॅम १,२६४ दाखवेल.

एक लाखापर्यंत: वर्ग ३१६ पर्यंतच्या ६५ मूळ संख्यांचे, जोड्या २० (शेवटची ३११ आणि ३१३), आणि ते दोन. ८७. खऱ्या ९,५९२. तुमच्या स्क्रीनवर ९,६७९ यायला हवेत. `+ 1` घालण्याआधी चालवून बघा.

वहीखातं

१,२६४ आले.

९,६७९ पण आले!! अहो, चुकलेल्या बेरजेचा ताळा पहिल्यांदाच असा आधी सांगून जुळताना बघितला. आता `+ 1` घातला, ९,५९२.

फळा_खडू

उशिरा आलो. तेहतीस वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं, तेव्हा प्रोग्रॅमपेक्षा फळ्यावरचं बोलतो. ताईंच्या मूळ प्रश्नाला, म्हणजे वर्गमूळावर थांबता का येतं याला, अजून कोणी हात घातलेला नाही.

अवयव नेहमी जोडीने येतात. २०२१ ला ४३ ने भागलं की उत्तर ४७ येतं, आणि त्या एका भागाकारात ४७ हाही अवयव आपोआप सापडतो. जोडीतले दोघेही वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार n च्या पुढे जाईल. म्हणजे एक तरी अलीकडे असणारच. अलीकडचा प्रदेश झाडून काढला आणि कोणी सापडलं नाही, तर पलीकडे एकटा कोणी लपून राहू शकत नाही.

मी मुलांना वर्गमूळ काढायलाच लावत नसे. २०२७ घ्या. २, ३, ५ चा प्रश्न नाही. ७ ने भागा, भागाकार २८९, बाकी ४. ११ ने १८४, बाकी ३. १३ ने १५५, बाकी १२. असं पुढे जाताना भाजक वाढतो आणि भागाकार उतरतो. ३७ ला भागाकार ५४, ४१ ला ४९, ४३ ला ४७, बाकी ६. पुढची मूळ संख्या ४७, तिला भागाकार ४३. इथे भागाकार भाजकाच्या खाली गेला. तिथे पेन ठेवायचं. आता जे काही भेटेल ते जोडीतलं दुसरं टोक असेल आणि पहिलं टोक आपण आधीच तपासलंय. २०२७ मूळ. चौदा भाजकांत काम झालं.

रोहिणी_०७

सर, याच नियमाने आमच्या घरी परवा रडारड झाली. लेक आठवीच्या शिष्यवृत्तीला बसतेय. २०२६ चे मूळ अवयव पाडा असं होतं. तिने २ ने भागून १०१३ काढले आणि तिथेच अडली. म्हणे, "क्लासमध्ये सांगितलंय की वर्गमूळापेक्षा मोठा मूळ अवयव नसतो, २०२६ चं वर्गमूळ ४५, मग १०१३ मूळ असूच शकत नाही." तासभर १०१३ फोडत बसली. मलाही उत्तर देता येईना. क्लास चुकला की मुलीने चुकीचं ऐकलं, माहीत नाही.

फळा_खडू

वाक्य अर्धं राहिलंय. वर्गमूळाच्या पलीकडे मूळ अवयव असू शकतो, पण *एकच*. दोन असतील तर त्या दोघांचाच गुणाकार n पेक्षा मोठा होईल. १४ चं वर्गमूळ पावणेचारच्या आसपास आणि ७ हा तिचा अवयव आहेच की.

अवयव पाडताना आणखी एक सोय होते ती मुलीला सांगा. २ काढून घेतला की २०२६ विसरायचं, आता खेळ १०१३ चा. मर्यादाही त्याचीच, ४५ नाही, ३१. ३१ ने भागाकार ३२, बाकी २१. पुढचा ३७, भागाकार २७, खाली गेला. १०१३ मूळ. उत्तर २ × १०१३. तासभर लढली म्हणजे पोरगी चिवट आहे, रागावू नका.

सेमीकोलन

माझं एक जुनं दुखणं इथे टाकतो. C मध्ये `sqrt` च्या भानगडीत न पडता गुणाकाराने थांबायचं असं शिकलो होतो. सम संख्या आणि १ आधीच निकालात काढल्या आहेत.

```c
for (int i = 3; i * i <= n; i += 2)
    if (n % i == 0) return 0;
return 1;
```

बरोबरीचं चिन्ह आहे, काही गळत नाही. वर्षभर नीट चाललं. मग कोणीतरी 2147483647 दिला. काही सेकंद विचार केला आणि म्हणाला, मूळ नाही. ती मूळ आहे हे मला पाठ आहे.

तिर्यक

ही चूक वर्गमूळाच्या नियमाची नाही, डब्याच्या आकाराची आहे. बत्तीस बिटांच्या `int` मध्ये 2147483647 ही सर्वांत मोठी मावणारी संख्या. ४६,३४० चा वर्ग मावतो, ४६,३४१ चा नाही. i तिथे पोहोचला की `i * i` ओसंडतो, बहुतेक यंत्रांवर ऋण होऊन परततो, आणि ऋण संख्या n पेक्षा लहानच. खरं तर या n साठी डब्यात मावणारी कुठलीही किंमत n पेक्षा लहान किंवा समानच असते, त्यामुळे अट कधी मोडतच नाही. चक्र फिरत फिरत i = n पर्यंत गेलं, n ला n ने भाग गेला, आणि प्रोग्रॅमने "अवयव सापडला" म्हणून सांगितलं. तुमचे काही सेकंद म्हणजे शंभर कोटींच्या वर भागाकार होते. आणि हेही नशीब, कारण `int` ओसंडल्यावर काय व्हावं याची C हमीच देत नाही. कंपायलर बदलला की वेगळं सोंग दिसेल.

अट `i <= n / i` अशी लिहा. मास्तरांची फळ्यावरची अट हीच आहे: भागाकार भाजकाच्या खाली गेला की थांबा. तिच्यात काही ओसंडत नाही.

सेमीकोलन

दरवेळी एक जादा भागाकार मात्र होतो. गुणाकार स्वस्त असतो. मी `long long` करीन.

तिर्यक

`n / i` आणि `n % i` शेजारी असले की चांगला कंपायलर दोन्ही एकाच भागाकारातून काढतो. `long long` नेही चालेल, वाद नाही. फक्त उद्या n पण `long long` झाला की हाच खड्डा थोडा पुढे सरकून पुन्हा भेटेल.

सेमीकोलन

तेव्हा बघू. मोजून बघितल्याशिवाय मी मानत नाही.

फळा_खडू

हीच संख्या ऑयलरने १७७२ मध्ये मूळ असल्याचं सिद्ध केलं होतं. दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा. ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्या चार हजार सातशेच्या वर आहेत, तेवढं भागत बसणं हाताने होण्यासारखं नाही. त्याने आधी सिद्ध केलं की या संख्येला अवयव असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. तशा संख्या वर्गमूळापर्यंत पावणेचारशेच्या आसपास. मर्यादा वर्गमूळाचीच ठेवली, पण त्या मर्यादेच्या आत बोलवायचं कुणाला ते आधी ठरवलं.

वहीखातं

मला एक शंका. मी पण फक्त मूळ संख्यांनीच भागावं का? माझा प्रोग्रॅम ४, ६, ९ ने पण भागत बसतो, ते वायाच जातं.

तिर्यक

वाया जातं, पण त्यासाठी मूळ संख्यांची यादी जवळ हवी. तुम्ही २ पासून क्रमाने मोजताच आहात, तर सापडेल ती यादीत टाका आणि पुढच्यांना त्याच यादीने भागा. यादीतला भाजक वर्गमूळाच्या पुढे गेला की थांबा. एखादीच सुटी संख्या तपासायची असेल तर २ वेगळा काढून फक्त विषम भाजक घेतले तरी निम्मं काम वाचतं, यादीचा खटाटोप नको.

पल्ला मात्र लक्षात ठेवा. बारा अंकी संख्येला वर्गमूळ दहा लाखांच्या आसपास, पायथॉनला क्षणभराचं काम. वीस अंकी संख्येला हजार कोटी. n चे दोन अंक वाढले की काम दहापट वाढतं. तिथून पुढे वेगळी शस्त्रं लागतात, तो वेगळा धागा.

आणि `int(math.sqrt(n)) + 1` ऐवजी `math.isqrt(n) + 1` लिहा. पायथॉन ३.८ पासून आहे, पूर्ण संख्यांतच हिशेब करतो.

बग_बहाद्दर

मोठ्या संख्यांना `sqrt` चुकतो म्हणूनच ना? हे मी आधी सांगणार होतो.

तिर्यक

चुकतो, पण इथे चुकतो तो बहुधा वरच्या बाजूला. पूर्ण वर्गाच्या एकने अलीकडची मोठी संख्या दिली तर तो पुढचं पूर्ण वर्गमूळ सांगून मोकळा होतो. त्याने एखादा भागाकार जास्त होतो, अवयव निसटत नाही. त्यामुळे घाबरून नाही, स्वच्छ दिसतं म्हणून `isqrt`.

वहीखातं

बदललं. ९,५९२ कायम. आता एक उगाचचा प्रश्न. माझ्या चुकीच्या प्रोग्रॅमला सोडून दिला तर त्याच्या चुका कधी संपतील का?

तिर्यक

वर्गांच्या चुका संपणार नाहीत, मूळ संख्याच संपत नाहीत. १५, ३५, १४३ या जातीच्या चुका संपतील की नाही हे विचारणं म्हणजे जोडमूळ संख्या अनंत आहेत का हे विचारणं. ते आजतागायत कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांगने दाखवलं की सात कोटींपेक्षा कमी फरकाच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, मग अनेकांनी मिळून तो आकडा २४६ वर आणला. २ पर्यंत कोणी पोहोचलं नाही.

बग_बहाद्दर

म्हणजे ताईंचा बग अजून कोणालाच पूर्ण कळलेला नाही. मग मला ceil वरून का बोलत होतात?

पेणचा_अप्पा

मास्तरांची पद्धत करून बघितली. माझ्या स्कूटरचा नंबर ८०५१. सवयीप्रमाणे आधी वर्गमूळ काढलं (गट पाडून!), ८९ आलं आणि १३० उरले. म्हणजे ८९ पर्यंत जायचं, चोवीस मूळ संख्या. दुपारी आडवा व्हायच्या ऐवजी भागत बसलो. २, ३, ५, ७ करत ७९ पर्यंत आलो, एकाचाही भाग जाईना. म्हटलं आता काय उरलंय, मूळ म्हणून जाहीर करून टाकू. पण ताईंची शेवटची पायरी आठवली. ८३ ने भागलं तर ९७, बाकी शून्य! दोनच भाजक राहिले असताना सापडली.

फळा_खडू

शाबास अप्पा. आता हे बघा. ८०५१ म्हणजे ८१०० वजा ४९. नव्वदचा वर्ग वजा सातचा वर्ग. (९० − ७) गुणिले (९० + ७). दोन्ही अवयव वर्गमूळाला चिकटून असले की वरून खाली आलेलं बरं पडतं.

पेणचा_अप्पा

मास्तर, हे दुपारी सांगितलं असतंत तर झोप तरी झाली असती.